एका रात्रीत चार वेळा नाकारलेलं कार्ड: सबस्क्रिप्शन सेवांच्या बिलिंग टीमना खुले पत्र

सबस्क्रिप्शनवर चालणाऱ्या सेवांच्या बिलिंग, प्रॉडक्ट आणि सपोर्ट टीममधल्या सर्वांस,

सप्रेम नमस्कार.

बिलिंगचा कोड लिहिणं आणि काही बिघडलं की त्याचे लॉग वाचणं हे माझं रोजचं काम आहे. त्या लॉगमध्ये एकच प्रकार मला इतक्या वेगवेगळ्या ठिकाणी दिसला आहे, की त्याबद्दल तुम्हा सर्वांना एकत्रच लिहावंसं वाटलं.

एका ग्राहकाचं मासिक नूतनीकरण २८ तारखेला होतं. रात्री २ वाजून १० मिनिटांनी प्रणालीने कार्डवरून शुल्क घ्यायचा प्रयत्न केला. बँकेने नकार दिला, कोड `51`, म्हणजे खात्यात पुरेशी शिल्लक नाही. ३ वाजून १० मिनिटांनी पुन्हा प्रयत्न, पुन्हा `51`. ४:१० ला तेच, ५:१० ला तेच. सकाळी ६ वाजता सदस्यत्व रद्द झाल्याची नोंद पडली आणि ग्राहकाचा प्रवेश बंद झाला. त्याला गेलेला पहिला ईमेल त्यानंतरचा होता आणि त्याचा विषय होता, ‘तुमचं सदस्यत्व रद्द करण्यात आलं आहे’. दोन वर्षं न चुकता पैसे भरणारा हा माणूस सकाळी उठला तेव्हा सगळं उरकलेलं होतं. १ तारखेला त्याचा पगार जमा झाला. त्याच कार्डवर, त्याच खात्यात. पण तोवर त्याला विचारणारं कोणी उरलं नव्हतं.

हा कोड लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. ‘चार वेळा प्रयत्न करा, जमलं नाही तर रद्द करा’ अशी गरज कुणीतरी कागदावर लिहिली आणि तिचं इमानदारीने पालन झालं. दोन प्रयत्नांमध्ये किती अंतर असावं आणि त्या काळात ग्राहकाला काय कळावं, हे मात्र कुणी लिहिलंच नव्हतं. माझी तक्रार त्या न लिहिलेल्या भागाबद्दल आहे.

आधी नकाराचं कारण बघूया, कारण वेळापत्रक त्यावरच ठरतं. कार्ड देणारी बँक नकार देते तेव्हा त्यासोबत दोन अक्षरांचा एक कोड पाठवते. `51` म्हणजे शिल्लक कमी. `91` म्हणजे बँकेच्या प्रणालीशी संपर्कच झाला नाही. `54` म्हणजे कार्डाची मुदत संपली. `14` म्हणजे असा कार्ड क्रमांकच नाही. `41` आणि `43` म्हणजे कार्ड हरवल्याची किंवा चोरीला गेल्याची नोंद आहे. `R0` आणि `R1` म्हणजे कार्डधारकाने स्वतः बँकेला सांगून हे पैसे थांबवले आहेत. आणि `05` हा सगळ्यांत वैताग देणारा कोड, कारण त्याचा अर्थ एवढाच की बँक हा व्यवहार मंजूर करत नाही आणि का, ते सांगत नाही.

आता बघा, `91` ला दोन-तीन तासांनी केलेला प्रयत्न अगदी योग्य आहे, कारण तिथे अडचण ग्राहकाची नाहीच. `51` ला दोन तासांनी केलेला प्रयत्न जवळजवळ वाया जातो. रात्री २ ते ५ या वेळात कुणाच्या खात्यात सहसा पैसे येत नाहीत. `51` ला दिवस लागतात. `41` आणि `43` ला कितीही दिवस थांबलात तरी उपयोग नाही, ग्राहकाकडून दुसरं कार्डच घ्यावं लागेल. आणि `R0` किंवा `R1` आल्यावर पुन्हा त्याच कार्डवर हात घालणं तर सरळसरळ गैर आहे. माणसाने बँकेत सांगून ‘यांना पैसे देऊ नका’ असं म्हटलं आहे. तिथे प्रयत्न थांबवायचे आणि त्याला विचारायचं, ‘तुम्हाला सेवा बंद करायची आहे का?’ बहुतेक वेळा उत्तर ‘हो’ असतं. त्याला रद्द करायचं बटण सापडलेलं नसतं, म्हणून तो बँकेकडे गेलेला असतो.

कार्ड नेटवर्कनीही हा फरक नियमांत बसवला आहे. व्हिसाच्या नियमांनुसार `04`, `07`, `41`, `43`, `R0`, `R1` असे काही कोड आले की पुन्हा प्रयत्न करायचाच नाही, आणि बाकीच्या नकारांना ३० दिवसांत १५ पुनर्प्रयत्नांची मर्यादा आहे. ती ओलांडली की प्रत्येक जादा प्रयत्नाला शुल्क लागतं. मास्टरकार्ड नकारासोबत एक वेगळा सल्ला पाठवतं, त्याला मर्चंट ॲडव्हाइस कोड म्हणतात. त्यात `03` म्हणजे पुन्हा प्रयत्न करू नका, `21` म्हणजे कार्डधारकाने ही नियमित वसुली रद्द केली आहे, `01` म्हणजे कार्डाची नवी माहिती उपलब्ध आहे. `24` पासून `30` पर्यंतचे कोड तर चक्क वेळ सांगतात. `24` म्हणजे १ तासाने, `25` म्हणजे २४ तासांनी, आणि पुढे २, ४, ६, ८, १० दिवसांनी. बँक स्वतःहून ‘चार दिवसांनी या’ असं सांगत असताना आपला कोड तासातासाने दार ठोठावत असेल, तर तो सल्ला आपण कुठे टाकतो आहोत हे शोधायला हवं.

बहुतेक ठिकाणी तो वाटेत हरवतो. पेमेंट गेटवे मूळ कोड आणि स्वतःचा एक ढोबळ संदेश असं दोन्ही पाठवतो, आणि आपण डेटाबेसमध्ये ढोबळ संदेश तेवढा साठवतो. `card_declined` एवढीच नोंद असलेल्या तक्त्यावर शहाणं वेळापत्रक बांधता येत नाही. म्हणून पहिलं काम हे करा: प्रत्येक प्रयत्नाच्या ओळीत नेटवर्कचा मूळ कोड, असल्यास सल्ल्याचा कोड, आणि प्रयत्नाची वेळ साठवा. हे झाल्याशिवाय पुढचं काहीही करू नका, कारण ते सगळं अंदाजपंचे होईल.

मुदत संपलेल्या कार्डाबद्दल थोडक्यात. व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोघांच्याही कार्ड-माहिती अद्ययावत करणाऱ्या सेवा आहेत, आणि सहभागी बँकेने नवं कार्ड दिलं असेल तर नवी तारीख किंवा नवा क्रमांक गेटवेमार्फत मिळू शकतो. नूतनीकरणाच्या काही दिवस आधी ही विचारणा झाली, तर `54` चे बरेच नकार मुळात येतच नाहीत. सगळ्या बँका आणि सगळी कार्डं त्यात नसतात, म्हणून तेवढ्यावर विसंबू नका.

आता वेळापत्रक. वरच्याच ग्राहकाचं उदाहरण घेते. नूतनीकरण २८ ला, महिना ३० दिवसांचा, कोड `51`. पहिला प्रयत्न फसला तो दिवस शून्य धरा. त्यानंतरचे प्रयत्न तिसऱ्या, आठव्या, तेराव्या आणि अठराव्या दिवशी. म्हणजे १, ६, ११ आणि १६ तारखेला. सेवा बंद होण्याची तारीख एकविसावा दिवस, म्हणजे १९.

हे आकडे दगडावरची रेघ नाहीत, पण त्यामागचा विचार सांगते. तिसरा दिवस महिनाअखेरीच्या नूतनीकरणाला पगाराच्या पलीकडे नेतो, आणि `51` मध्ये सगळ्यांत जास्त उपयोगी पडते ती पगाराची तारीखच. पुढचे प्रयत्न पाच-पाच दिवसांनी आहेत, त्यामुळे पाचही प्रयत्न आठवड्याच्या वेगवेगळ्या वारी पडतात. कुणाला आठवड्याने पैसे मिळतात, कुणाला पंधरवड्याने, आणि कायम सोमवारीच विचारत राहिलात तर शुक्रवारी पैसे येऊन रविवारपर्यंत संपणारा माणूस तुम्हाला कधीच सापडणार नाही. शेवटचा प्रयत्न आणि सेवा बंद होण्याची तारीख यांत तीन दिवस मोकळे ठेवले आहेत. ते ग्राहकाचे आहेत. त्या तीन दिवसांत आपण काही आकारत नाही, त्याला कार्ड बदलायला वेळ देतो.

अजून एक गोष्ट, जी पहिल्यांदा वेळापत्रक लिहिणाऱ्याच्या लक्षात येत नाही. ही सगळी खिडकी पुढच्या नूतनीकरणाच्या आत संपली पाहिजे. इथे १९ ला ती संपते आणि पुढचं बिल २८ ला आहे. खिडकी ३५ दिवसांची केलीत तर जुनं बिल थकलेलं असतानाच नवं निघेल, आणि खात्यात पैसे आले त्या दिवशी दोन्ही एकदम कापली जातील. आधीच ओढाताण असलेल्या माणसाला हा फार मोठा दणका आहे. साप्ताहिक योजनेला म्हणूनच चार-पाच दिवसांच्या वर खिडकी परवडत नाही. वार्षिक योजनेला मात्र महिनाभर खुशाल द्या. तिथे रक्कम मोठी असते, आणि वर्षापूर्वी दिलेलं कार्ड बदललेलं असण्याची शक्यताही मोठी.

प्रयत्नाची वेळ कोणती? ग्राहकाच्या टाइमझोनमधली सकाळ सरून दुपार सुरू होण्याआधीची. सर्व्हरच्या मध्यरात्री सगळी बिलं एकदम सोडणं कोडाला सोपं पडतं, पण त्या वेळी अनेक बँकांच्या रात्रीच्या नोंदी पूर्ण झालेल्या नसतात आणि ग्राहक झोपलेला असतो. सकाळी १० ला नकार आला आणि १० वाजून २ मिनिटांनी त्याला कळलं, तर तो तिथल्या तिथे काहीतरी करू शकतो.

`05` साठी मी हेच वेळापत्रक वापरते, फक्त एक प्रयत्न कमी करते. कारण माहीत नसताना खूप वेळा विचारलं, तर बँकेच्या जोखीम तपासणीला आपलेच व्यवहार संशयास्पद वाटू लागतात, आणि त्याचा त्रास दुसऱ्या ग्राहकांच्या चांगल्या व्यवहारांनाही होऊ शकतो. `91` साठी त्याच दिवशी तीन-चार तासांच्या अंतराने दोन प्रयत्न करते आणि तेवढ्यात काम झालं तर ग्राहकाला काहीही कळवत नाही. बँकेची यंत्रणा तासभर बंद होती याचं पत्र त्याला कशाला?

या काळात सदस्यत्वाची अवस्था काय असते, हा प्रश्न तुमच्या डेटाबेसला विचारून बघा. अनेक ठिकाणी फक्त ‘चालू’ आणि ‘बंद’ एवढंच असतं, आणि म्हणूनच पहिल्या नकारानंतर कोडापुढे दुसरा पर्याय राहत नाही. मधली अवस्था लागते. बरेच गेटवे तिला `past_due` म्हणतात. त्या अवस्थेत सेवा पूर्ण सुरू असते, ग्राहकाला सूचना दिसत असते, आणि एक ठरलेली तारीख जवळ येत असते. ती तारीख पहिल्याच नकाराच्या दिवशी नोंदवा आणि नंतर कधीही अलीकडे ओढू नका. लांबवली तर चालेल.

आता सूचनांकडे येते. मला सगळ्यांत जास्त कळकळीने बोलायचं आहे ते याबद्दल.

वेळापत्रक कितीही चांगलं असलं तरी ते ग्राहकाला माहीत नसेल, तर त्याच्या दृष्टीने सेवा अचानकच बंद होते. एकवीस दिवस आपण आपल्या सर्व्हरवर वाट बघितली, याचं त्याला काय? म्हणून प्रयत्न आणि सूचना हे दोन वेगळे प्रकल्प ठेवू नका. एकाच तक्त्यातून दोन्ही निघाले पाहिजेत. आमच्याकडे पहिली सूचना शून्याव्या दिवशी, नकारानंतर लगेच जाते. मग प्रत्येक प्रयत्नाच्या आदल्या दिवशी एक छोटी सूचना, म्हणजे ज्याला पैसे टाकायचे आहेत त्याला ते टाकता येतात. चौदाव्या दिवशी ‘आठवडा उरला’ असं सांगणारं पत्र, अठराव्या दिवशीचा प्रयत्न फसला तर ‘तीन दिवस उरले’ असं पत्र, आणि बंद झाल्यावर एक शेवटचं. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नानंतर तोच मजकूर पुन्हा पाठवू नका. तिसऱ्यांदा तीच ओळ दिसली की लोक वाचणं सोडतात आणि मग आठवड्याची मुदत सांगणारं पत्रही तसंच पडून राहतं.

पहिल्या पत्रात काय असावं? मी वापरते तो मजकूर असा:

विषय: या महिन्याचं शुल्क जमा झालं नाही, सेवा १९ तारखेपर्यंत सुरू आहे

‘४८२१ ने संपणाऱ्या तुमच्या कार्डवरून आज शुल्क घेता आलं नाही. बँकेने व्यवहार मंजूर केला नाही. तुमची सेवा नेहमीप्रमाणे सुरू आहे. आम्ही १ तारखेला सकाळी याच कार्डवर पुन्हा प्रयत्न करू, तुम्हाला वेगळं काही करावं लागणार नाही. दुसरं कार्ड द्यायचं असेल तर तुमच्या खात्यातल्या बिलिंग पानावर देता येईल. १९ तारखेपर्यंत शुल्क जमा झालं नाही तर प्रवेश थांबेल, तुमची माहिती मात्र जपून ठेवली जाईल. सेवा नको असेल तर त्याच पानावरून रद्द करा, हे शुल्क घेतलं जाणार नाही.’

यातली प्रत्येक ओळ कुठल्या ना कुठल्या तक्रारीतून आली आहे. कार्डाचे शेवटचे चार अंक नसतील तर तीन कार्डं असलेला माणूस चुकीच्या कार्डवर पैसे टाकतो. पुढच्या प्रयत्नाची तारीख नसेल तर तो घाबरून दुसरं कार्ड देतो आणि मग दोन्हीकडून पैसे जातील का, असं सपोर्टला विचारतो. ‘सेवा सुरू आहे’ हे विषयातच असलं पाहिजे, कारण फोनच्या बंद स्क्रीनवर तेवढंच दिसतं. आणि त्याच कारणाने ‘शिल्लक अपुरी’ हे शब्द विषयात कधीही नकोत. आपली अडचण शेजारी बसलेल्याने वाचावी असं कुणालाच वाटत नाही. `41` आणि `43` मध्येही ‘तुमचं कार्ड चोरीचं आहे’ असं लिहू नका. खातं एकाचं आणि कार्ड दुसऱ्याचं असू शकतं, आणि तो संवाद बँकेने करायचा आहे, आपण नव्हे. तिथे ‘हे कार्ड चालत नाही, कृपया दुसरं द्या’ एवढं पुरे.

रद्द करण्याचा उल्लेख बघून प्रॉडक्टवाले मला नेहमी अडवतात. मी तो काढत नाही. ज्याला जायचं आहे त्याला पत्रातून वाट मिळाली नाही, तर तो बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागतो. त्या वादात रक्कम जाते, वर दंड बसतो, आणि आपल्या खात्यावर वादांची टक्केवारी चढते. शिवाय नको असलेली सेवा बंद करता येणं हा त्याचा हक्क आहे, त्यासाठी आकडेमोडीचा आधार लागू नये.

दुसरी अडचण फसवणुकीची. ‘तुमचं पेमेंट फसलं, कार्डाची माहिती भरा’ हे भामट्यांचं आवडतं पत्र आहे. सावध माणूस आपलं खरं पत्रही कचऱ्यात टाकणार, आणि ते बरोबरच आहे. म्हणून पत्रावरच सगळा भार टाकू नका. तीच सूचना, त्याच तारखांसह, ग्राहक लॉगिन करतो तेव्हा आत दिसली पाहिजे. पत्रात कार्ड क्रमांक कधीही मागू नका, आणि लिंकवर क्लिक न करता थेट आपल्या साइटवर जाऊनही हे काम करता येतं असं लिहा.

आणि पत्र पोचलंच नाही तर? कार्यालयीन खात्यांत हे फार होतं. बिलाचा ईमेल पत्ता ज्या व्यक्तीचा होता ती नोकरी सोडून गेलेली असते, पत्रं परत येत राहतात, आणि चाळीस माणसांची टीम एका सकाळी बाहेर फेकली जाते. माझं ठाम मत आहे की किमान एक सूचना पोचल्याचा पुरावा नसेल तर प्रवेश आपोआप बंद होता कामा नये. पत्र परत आलं की खात्याच्या दुसऱ्या प्रशासकाला पाठवा, आतला फलक सर्व प्रशासकांना दाखवा, आणि तरीही काही नसेल तर ती केस माणसाकडे जाऊ द्या. अशा केसेस थोड्या असतात. त्यांच्यासाठी एखाद्याने फोन उचलला तर काही बिघडत नाही.

आता कोड लिहिणाऱ्यांसाठी एक भाग. ठरलेल्या तारखेला रांगेतून काम निघतं तेव्हा परिस्थिती बदललेली असू शकते. ग्राहकाने कालच दुसरं कार्ड देऊन पैसे भरले असतील, किंवा आज सकाळी सेवा रद्द केली असेल. त्यामुळे तीन दिवसांपूर्वी काढलेला निर्णय तसाच वापरू नका. कार्डला हात लावण्याआधी त्या क्षणी पुन्हा तपासा:

```python
def may_charge(inv, sub, now):
    return (inv.status == "open"
            and sub.cancel_requested_at is None
            and inv.last_result != "unknown"
            and now >= inv.next_attempt_at)
```

यातली तिसरी अट सगळ्यांत जास्त विसरली जाते. गेटवेकडून उत्तरच आलं नाही, जोडणी तुटली, तर तो नकार नसतो. पैसे कापले गेलेले असू शकतात. त्याला नकार समजून नवा प्रयत्न केलात तर दोनदा वसुली होईल. आधी तोच व्यवहार त्याच आयडेम्पोटन्सी कीने पुन्हा विचारा, म्हणजे पहिला व्यवहार झालेला असेल तर गेटवे नवा न करता त्याचंच उत्तर देईल. ती की बिलाचा क्रमांक आणि प्रयत्नाचा क्रमांक जोडून बनवा, उदाहरणार्थ `inv_7731:attempt-2`. फक्त बिलाचा क्रमांक वापरलात तर उलटा घोळ होतो. तिसऱ्या दिवशीच्या खऱ्या नव्या प्रयत्नालाही काही गेटवे पहिल्या दिवशीचा साठवलेला नकारच परत देतात. असं होतंय हे ओळखायची खूण सोपी आहे: नकार नेहमीपेक्षा फारच झटपट येतो आणि गेटवेकडचा व्यवहार क्रमांक आधीचाच असतो.

ग्राहकाने नवं कार्ड दिलं की वेळापत्रकाची वाट बघू नका, तिथल्या तिथे शुल्क घ्या, उत्तर त्याच पानावर दाखवा आणि रांगेतले उरलेले प्रयत्न व ठरलेल्या सूचना दोन्ही काढून टाका. पैसे भरल्यावर दुसऱ्या दिवशी ‘तीन दिवस उरले’ असं पत्र मिळालेल्या ग्राहकाचा राग मी वाचला आहे. तो रास्त होता.

एकविसाव्या दिवशी काहीच जमलं नाही तर सेवा बंद करायलाच हवी. कुणाच्याही मागे अनंतकाळ लागणं बरोबर नाही, आणि जो सोडून गेला आहे त्याला कुठलंही वेळापत्रक परत आणत नाही. पण बंद करण्याचाही एक क्रम असतो. आधी नवं काही करणं थांबवा, वाचणं आणि आपली माहिती उतरवून घेणं काही काळ चालू ठेवा. माहिती त्याच दिवशी पुसू नका. आणि ते थकलेलं बिल उघडं ठेवू नका. मी ते रद्द करते. खिडकीतले एकवीस दिवस सेवा वापरली गेली, त्याचं नुकसान सोसते, कारण दोन महिन्यांनी परतलेल्या ग्राहकासमोर पहिल्याच पानावर जुनी थकबाकी मांडली, तर तो परत फिरतो. परतला त्या दिवसापासून नवा महिना सुरू करा. बंद असलेल्या काळाचे पैसे मागणं तर कोणत्याही हिशेबात बसत नाही.

तुमची सध्याची पद्धत किती कडक आहे हे कळायला मोठा प्रकल्प लागत नाही. स्वतःहून सोडून गेलेले आणि पेमेंट फसल्यामुळे बंद केलेले, असे दोन गट नोंदीत वेगळे करा. दुसऱ्या गटातून असे ग्राहक काढा, जे बंद झाल्यापासून ३० दिवसांत परत आले आणि ज्यांनी तेच कार्ड वापरून पैसे भरले. या लोकांचं कार्डही चांगलं होतं आणि इच्छाही होती, आपण फक्त लवकर दार लावलं. त्यांच्या शेवटच्या नकाराचा कोड, शेवटच्या प्रयत्नाची तारीख आणि परतल्याची तारीख शेजारी शेजारी मांडा. `51` च्या ओळींमध्ये परतण्याच्या तारखा महिन्याच्या पहिल्या काही दिवसांत गोळा झालेल्या दिसल्या, तर तुमचे प्रयत्न एकमेकांना चिकटून आहेत. त्या यादीत पहिली सूचना बंद झाल्यानंतरची असेल, तर वेळापत्रकाला हात लावण्याआधी सूचना दुरुस्त करा.

कोणत्या प्रयत्नातून किती वसुली झाली हेही कोडवार बघा. अठराव्या दिवशीच्या प्रयत्नातून काहीच हाती लागत नसेल तर तो काढून टाका, पण मुदत मात्र २१ दिवसांचीच ठेवा. प्रयत्न कमी केले म्हणून ग्राहकाचा वेळ कमी करायचं कारण नाही.

आपली नम्र,
बिलिंग प्रणालीवर काम करणारी एक इंजिनिअर